जनरल अ‍ॅव्हरेजची नोटीस आल्यावर माल सोडवायला काय लागतं

जहाज आणि त्यावरचा माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून खर्च केला किंवा काही माल समुद्रात टाकला, तर तो भार जहाजमालक आणि सगळे मालधारक आपापल्या किमतीच्या प्रमाणात उचलतात. यालाच जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. तुमच्या कंटेनरला ओरखडाही नसला तरी वाटा चुकत नाही, आणि त्याची हमी मिळेपर्यंत जहाजमालक माल अडवून ठेवू शकतो.

मार्च 2018 मध्ये अरबी समुद्रात ‘मार्स्क होनाम’ला आग लागली. तेव्हा बचावकार्यासाठी मालाच्या किमतीच्या 42.5 टक्के आणि जनरल अ‍ॅव्हरेजसाठी 11.5 टक्के हमी मागितली गेली. म्हणजे 20 लाखांच्या मालाला 10 लाख 80 हजार. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी लिहून देते, नसेल तर रोख भरावी लागते.

कागद मोजकेच: अ‍ॅव्हरेज बाँडवर, म्हणजे वाटा भरण्याच्या लेखी कबुलीवर, तुमची सही, विमा कंपनीचं हमीपत्र, इनव्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग. अडतं ते हमीपत्रावर. बिल ऑफ एंट्रीत विम्यापोटी 1.125 टक्के दिसले की अनेकांना वाटतं, विमा उतरलाय. तसं नाही! विम्याचा खर्च कळत नसेल तेव्हा कस्टम्स ड्युटी काढण्यासाठी तो आकडा धरतं. त्यातून पॉलिसी निघत नाही. सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा किमतीत धरून, माल घेतला असेल तर विमा विक्रेत्याने उतरवलेला असतो, पण प्रमाणपत्र त्याच्याकडेच पडून राहतं. बिल ऑफ लेडिंगसोबतच ते मागून घ्या.

मालाच्या सागरी विम्याचे क्लॉज ए, बी, सी असे तीन प्रकार असतात आणि तिन्हींत जनरल अ‍ॅव्हरेजचा वाटा भरून मिळतो. मात्र सीआयएफमध्ये विक्रेत्यावर किमान क्लॉज सीचंच बंधन असतं. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असे मोठे अपघात येतात. चोरी येत नाही, आणि कंटेनरमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर तेही येत नाही; पाण्यासाठी बी लागतो, चोरीसाठी ए. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कापड आणणाऱ्याने ए घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवू नका. 20 लाखांच्या मालाचा विमा 12 लाखांचा असेल, तर वाट्यातलाही साधारण 60 टक्केच भाग विमा कंपनी देईल.

एलसीएल माल असेल तर जास्त जपा. एका कंटेनरमध्ये बऱ्याच जणांचा माल असतो, आणि त्यातल्या एकाची हमी राहिली तरी सहसा सगळा कंटेनर अडतो. त्यामुळे नोटीस आली त्याच दिवशी ती विमा कंपनीकडे पाठवा आणि कन्सॉलिडेटरला विचारा की कोणाचे कागद बाकी आहेत. त्या दिवसांचं बंदरातलं भाडं आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, तुमच्याच खिशातून जातं, कारण उशिराने होणारं नुकसान क्लॉज एमध्येसुद्धा वगळलेलं आहे.