‘कामगाराचा निष्काळजीपणा’ कोणत्या रकान्यात लिहायचा?

कारखान्याच्या सेफ्टी कमिटीपुढे येणाऱ्या अपघाताच्या गोषवाऱ्यात एक वाक्य हमखास भेटतं : ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ ते वस्तुस्थितीच्या रकान्यात बसलेलं असतं. खरं तर ते मत असतं, आणि बहुतेक वेळा सुपरवायझरचं.

या सवयीला जुना आधार आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 साली मांडलं की 88 टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. हा आकडा पुढे जगभरच्या सुरक्षा प्रशिक्षणांत फिरला. तो निघाला होता विमा दाव्यांतून आणि कारखान्यांच्या नोंदींतून, आणि अशा नोंदी लिहिणारे बरेचदा सुपरवायझर किंवा मालकच असत. म्हणजे एका बाजूची साक्ष आकडेवारी होऊन वस्तुस्थितीच्या जागी जाऊन बसली.

आपल्या कायद्याला मात्र हा फरक त्याआधीच ठाऊक होता. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम 60 सांगत होतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा : पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याने सांगायची, ऐकलेली ऐकणाऱ्याने. कमिटी म्हणजे कोर्ट नव्हे, पण जबाब नोंदवताना हीच चाळणी कामी येते. विमान अपघातांच्या चौकशीत ही विभागणी अहवालाच्या साच्यातच आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 13 प्रमाणे आधी वस्तुस्थिती, मग विश्लेषण, मग निष्कर्ष आणि शेवटी शिफारशी येतात; चौकशीचा हेतू दोष ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय.

कारखान्यात कमिटी आली ती भोपाळनंतर. डिसेंबर 1984 च्या वायुगळतीनंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात कलम 41-जी घातलं गेलं. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात व्यवस्थापन आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती हवी, असं ते सांगत होतं. गोषवाऱ्याचं स्वरूप बदलायला हवं होतं ते इथे. आता कागद वाचणाऱ्यांत जखमी माणसाच्या बाजूचेही लोक बसणार होते, आणि सुपरवायझरचं मत वस्तुस्थिती म्हणून वाचलं गेलं तर निम्मं टेबल त्याच क्षणी बिथरणार.

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. रात्रपाळीत पॉवर प्रेसवर ऑपरेटरची दोन बोटं डायमध्ये सापडली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं : ‘ऑपरेटरने सूचना डावलून, लाइट कर्टन बंद करून हात घातला.’ लाइट कर्टन म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. या एका वाक्यात बऱ्याच गोष्टी गुंतल्या आहेत. तपासून पाहिल्यावर वस्तुस्थिती एवढीच उरते : अपघातानंतर पाहणी झाली तेव्हा लाइट कर्टनचा सिलेक्टर ‘बंद’वर होता, किल्ली त्यालाच लावलेली होती, प्रेस फूट पेडलवर चालत होता आणि डायमध्ये पीस अडकलेला होता. यातलं प्रत्येक फोटोत दिसतं. ‘बंद’ कुणी केलं आणि कधी, हे मात्र फोटोत दिसत नाही.

मग जबाब. सुपरवायझर म्हणतो, “हात घालू नको, असं सांगितलं होतं.” हेल्पर म्हणतो, “पाळी सुरू झाली तेव्हाच कर्टन बंद होतं, कारण या डायवर ते सारखं प्रेस थांबवतं.” दोघांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, कोण कुठे उभा होता आणि जबाब किती वाजता घेतला यासकट लिहावं. दोन्हींचं मिश्रण करून तिसरं गुळगुळीत वाक्य बनवू नये. विसंगती दिसायला हवी. प्रश्नही जसा विचारला तसा नोंदवावा. 1974 साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या. प्रश्नात ‘आदळून चक्काचूर’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा सांगितलेला सरासरी वेग ताशी 40.5 मैल आला, नुसतं ‘स्पर्श’ म्हटल्यावर 31.8. “कर्टन का बंद केलंस?” असं विचारलं की ते त्यानेच बंद केलं हे उत्तराआधीच ठरून जातं.

शिफारस लिहिताना प्रत्येकीसमोर ती कोणत्या नोंदीवर उभी आहे ते द्यावं. ‘कामगारांना समज द्यावी’ ही शिफारस इथे कुठल्याच नोंदीवर टिकत नाही. किल्ली सिलेक्टरला लावलेली सापडली, म्हणून ती मेंटेनन्सच्या ताब्यात ठेवून देवाणघेवाण रजिस्टरवर घ्यावी. फूट पेडल काढून या डायसाठी दोन्ही हातांची बटणं बसवावीत. हेल्परचं म्हणणं अजून जबाबच आहे, म्हणून त्यावरची शिफारस तपासणीपुरती : ही डाय लावून, माणसाविना, कर्टन किती वेळा प्रेस थांबवतं ते मोजावं. मोजणीत ते खरं ठरलं तर पुढच्या बैठकीच्या कागदात ते वाक्य जबाबाच्या रकान्यातून वस्तुस्थितीच्या रकान्यात जाईल, तारखेसकट.