अ ठेवायची की ब? एकाच मालाच्या दोन लिस्टिंगचा निकाल कसा लावायचा

ॲमेझॉनसारख्या ठिकाणची तुमच्या मालाची लिस्टिंग, म्हणजे नाव आणि आतला मजकूर, आम्ही नव्याने लिहून देतो तेव्हा एक नाही, दोन देतो. त्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातली चांगली कोणती?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे: आम्हाला माहीत नाही. ते गिऱ्हाईक सांगतं. कसं सांगतं आणि ते ऐकताना कुठे फसायला होतं, ते या पत्रकात लिहिलं आहे.

उदाहरण एकच घेतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांचा सावजी मसाला, 200 ग्रॅमचं पाकीट, किंमत 180 रुपये. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

दोन नावं अशी होती:

अ: अस्सल नागपुरी सावजी मसाला, जहाल तिखट, 200 ग्रॅम
ब: सावजी मटण मसाला, 200 ग्रॅम, 2 किलो मटणाला पुरेल, कृतीसह

आतला मजकूरही वेगळा होता. अ मध्ये परंपरा, खडे मसाले आणि तिखटपणाचा तोरा. ब मध्ये साधं, स्वयंपाकघरातलं बोलणं: अर्धा किलो मटणाला 50 ग्रॅम घ्या, तेल हात आखडून घालू नका, तिखट झेपत नसेल तर मसाला निम्मा करा. फोटो, किंमत आणि घरपोचचा खर्च दोन्हीकडे तोच. हे महत्त्वाचं, कारण फोटोही बदलला असता तर जिंकलं ते फोटोमुळे की शब्दांमुळे, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

तीन आकडे, तीन वेगळ्या जागा

शोधल्यावर यादीत तुमचा माल गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आला, हा एक व्ह्यू. त्याने बोट लावून पान उघडलं, हा क्लिक. पैसे भरले किंवा घरी आल्यावर देतो म्हणाला, ही ऑर्डर. यादीत दिसतं मुख्यतः नाव, पहिला फोटो, किंमत, लोकांनी दिलेले तारे आणि कधी पोचेल ती तारीख, म्हणून क्लिक यांच्या जोरावर पडतो. आतला मजकूर, बाकीचे फोटो आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय, हे सगळं त्यानंतर कामाला येतं.

रिपोर्ट उघडल्यावर एक गोष्ट तपासा. काही ठिकाणी "व्ह्यू" म्हणजे यादीत दिसणं, तर काही ठिकाणी पान उघडणं. ॲमेझॉनच्या विक्री रिपोर्टात `Page Views` आणि `Sessions` असे दोन रकाने असतात. हे दोन्ही पान उघडल्यानंतरचे आहेत, यादीत दिसण्याचे नाहीत. एकाच माणसाने दुपारभर चार वेळा पान उघडलं तर `Page Views` चार होतात, `Sessions` एकच. क्लिकच्या जागी आम्ही `Sessions` धरतो. यादीत दिसण्याचा आकडा जाहिरातीच्या रिपोर्टात `Impressions` या नावाने सापडतो, पण तो फक्त जाहिरातीपुरता.

चार आठवड्यांनंतर काकांच्या मसाल्याचा हिशेब असा निघाला:

| | व्ह्यू | क्लिक | ऑर्डर |
|---|---|---|---|
| अ | 20,000 | 900 | 36 |
| ब | 20,000 | 640 | 58 |

नुसते क्लिक पाहिले तर अ सरस. शंभर व्ह्यूमागे साडेचार क्लिक, तिथे ब ला तीनच्या थोडं वर. पण उघडणाऱ्या शंभरांपैकी अ मधून चौघांनी घेतलं आणि ब मधून नऊ जणांनी. "जहाल तिखट" वाचून लोक गंमत म्हणून आत डोकावतात. पुण्या-मुंबईचा माणूस पाहतो, हसतो, निघून जातो. "2 किलो मटणाला पुरेल" हे वाचून आत येणारा रविवारचा बेत ठरवूनच आलेला असतो.

ही डोकावणारी गर्दी फुकटही नसते. शोधयादीतल्या जाहिरातीत पैसे बहुधा क्लिकला लागतात, दिसण्याला नाही. समजा सगळे क्लिक जाहिरातीतून आले आणि एका क्लिकला 4 रुपये पडले. अ ला 3,600 रुपये खर्च करून 36 ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरमागे 100 रुपये. ब ला 2,560 रुपयांत 58, म्हणजे ऑर्डरमागे 44. पाकीटच 180 चं आहे, तेव्हा 100 रुपये जाहिरातीत घालवून त्यात मसाला, पाकीट आणि कमिशन कसं बसवायचं ते तुम्हीच पाहा.

म्हणून आमचा निवाडा ऑर्डरींवर असतो. क्लिकचा उपयोग कुठे गळती आहे ते शोधायला.

पाचव्या दिवशीचा फोन

काकांचा फोन आला तो चार आठवड्यांनी नाही, अ आणि ब ची दोन-दोन दिवसांची पहिली फेरी संपली त्या पाचव्याच दिवशी. तेव्हा अ ला 14 ऑर्डरी होत्या आणि ब ला 11. "काहून थांबता भाऊ? अ च ठेवून द्या ना!"

थांबलो ते एका साध्या हिशेबामुळे. हा हिशेब घरी, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. दोन्हींना व्ह्यू जवळपास सारखे मिळाले असतील तर दोघांच्या ऑर्डरींची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. दोघांतला फरक या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच तो फरक माना.

```
फरक  >  2 × √(अ च्या ऑर्डरी + ब च्या ऑर्डरी)
```

14 आणि 11 मिळून 25. वर्गमूळ 5, दुप्पट 10. फरक होता 3. म्हणजे एकच लिस्टिंग अ म्हणून आणि ब म्हणूनही चालवली असती तरी एवढा फरक सहज पडला असता. शेवटी 36 आणि 58, बेरीज 94, वर्गमूळ 9.7, दुप्पट 19.4. फरक 22. आता मानला.

तरीही ही कसोटी ब्रह्मवाक्य नाही. दोन्ही लिस्टिंग अगदी सारख्या असल्या तरी साधारण वीसांत एकदा ती खोटा विजेता दाखवते. आणि रोज सकाळी उठून हिशेब मांडला, ज्या दिवशी फरक मोठा दिसला त्याच दिवशी थांबलो, तर ही चूक वीसांत एकवर राहत नाही, बरीच वाढते. म्हणून थांबायची तारीख सुरुवातीलाच कागदावर लिहून घेतो. मधले आकडे तुम्ही पाहिले तर पाहा, निर्णय त्यावर नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते: तुमचा माल चाचणीला पुरेसा विकतो की नाही. एक लिस्टिंग दुसरीच्या दुप्पट चांगली असेल तर दोन्ही मिळून निदान 36 ऑर्डरींशिवाय ते उमटत नाही. दीडपट चांगली असेल तर 100 लागतात. सव्वापटीपेक्षाही थोडी कमी, म्हणजे वीस टक्के सरस असेल, तर सुमारे 500. महिन्याला आठ-दहा ऑर्डरी येत असतील तर आमच्याकडून चाचणी करवून घेऊ नका. आम्ही तेव्हा दोन्ही मजकूर समोर ठेवून बोलून निवडतो आणि त्याचे पैसे वेगळे लावत नाही.

अ, ब, ब, अ

आदर्श रीत अशी, की एकाच वेळी काही गिऱ्हाइकांना अ दिसावी आणि काहींना ब, कुणाला कोणती ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरावं. ॲमेझॉनवर ज्यांचा ब्रँड नोंदलेला आहे त्यांना `Manage Your Experiments` मध्ये हे करता येतं, पण त्या मालाला पुरेशी वर्दळ असावी लागते. काकांचा ब्रँड नोंदलेला नव्हता. अशा वेळी आलटून-पालटून चालवावं लागतं.

इथे सगळ्यात मोठा घोटाळा दिवसांचा होतो. मटण मसाल्याला श्रावण मंदा. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी कर आली, की मटणाच्या दुकानांपुढे रांगा. श्रावणात अ आणि पोळ्यानंतर ब चालवली असती तर ब जिंकलीच असती, मजकूर कोरा ठेवला असता तरी. म्हणून आम्ही सणवार नसलेला महिना धरला, आणि आठवड्यांचा क्रम अ, ब, ब, अ असा ठेवला. विक्री हळूहळू चढत किंवा उतरत असेल तर या क्रमात दोघांनाही तिचा सारखाच वाटा येतो. अ, ब, अ, ब मध्ये तो येत नाही, ब नेहमी अ च्या मागून येते. पहिली फेरी मात्र आम्ही आठवड्यांत धरत नाही. अ दोन दिवस, ब दोन दिवस, फक्त सगळं नीट बदलतंय ना हे पाहायला. काका उतावीळ झाले ते त्याच फेरीवर, आणि त्या 25 ऑर्डरी शेवटच्या हिशेबात नाहीत. नाव बदलल्यावर शोधयादीत ते उमटायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक बदलानंतरचा पहिला दिवसही आम्ही सोडून देतो.

आलटून-पालटून चालवण्यात एक खोच राहतेच. नाव बदललं की तुमचा माल कोणत्या शोधाला वर येतो तेही बदलतं. "मटण" हा शब्द नावात आल्यामुळे ब वेगळ्या लोकांना दिसली असणार. म्हणजे व्ह्यू हा दोघींचा सारखा पाया नाही, तोही मजकुराचाच परिणाम आहे. काकांच्या बाबतीत व्ह्यू सारखे निघाले म्हणून निभावलं. तसे ते निघाले नाहीत तर हजार व्ह्यूमागे ऑर्डरी किती हे पाहून फसू नका, आठवड्याच्या एकूण ऑर्डरी पाहा. नवी लिस्टिंग तिपटीने जास्त लोकांना दिसली, त्यातल्या थोड्यांनीच घेतलं, तरी गल्ल्यात पैसे जास्त पडले, तर तीच चांगली.

मोजताना दोन बारीक गोष्टी. तिसऱ्या आठवड्यात एका खानावळीने ब मधून एकदम 12 पाकिटं मागवली. आम्ही ती एकच ऑर्डर धरली. वर्गमूळाचा हिशेब गिऱ्हाइकांवर चालतो, नगांवर नाही. दुसरी गोष्ट दारातून परत येणाऱ्या पार्सलांची. चाचणी संपल्यावर दहा दिवस थांबून आम्ही ती वजा केली: अ च्या 5 परत आल्या, ब च्या 6. उरल्या 31 आणि 52. फरक 21, आणि 83 च्या वर्गमूळाची दुप्पट 18.2. ब टिकली.

पुढचा मोह काकांनाच झाला: अ चं नाव, ब चा आतला मजकूर, म्हणजे क्लिकही जास्त आणि ऑर्डरीही. ऐकायला बरोबर वाटतं. पण ब च्या पानावर नऊ टक्के लोक घेत होते ते नुसत्या आतल्या मजकुरामुळे की नावानेच हौशे-नवशे बाहेर ठेवले म्हणून, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. ती तिसरी लिस्टिंग आम्ही लिहून दिली आहे, ब च्या विरुद्ध दिवाळीनंतर चालवू.

चाचणीच्या काळात तुमच्याकडून काय हवं

किंमत, कूपन आणि जाहिरातीचं रोजचं बजेट हलवू नका. हलवावंच लागलं तर त्या दिवशी कळवा, तेवढे दिवस गाळता येतात. माल संपू देऊ नका. "सध्या उपलब्ध नाही" असं एक दिवस जरी दिसलं तरी त्या आठवड्याच्या ऑर्डरी खोट्या ठरतात. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा दिवसवार रिपोर्ट आम्हाला पाठवा, एकूण बेरीज नको. आणि लिस्टिंग ज्या दिवशी बदलली ती तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. आत्तापर्यंत आमच्या ज्या चाचण्या वाया गेल्या, त्यातल्या बहुतेक या न लिहिलेल्या तारखेमुळे गेल्या आहेत.