रिचार्जचं पोस्टर: दिवसाचा भाव आणि जीबीचा भाव

नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या काचेवर नवं पोस्टर लागलं की तासाभरात त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. खाली कुणीतरी लिहितंच, "काकू, हाच मारा, जीबी सहा रुपयांत पडतोय." हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं.

दिवसाचा भाव सगळ्यांना काढता येतो. किंमत भागिले दिवस, झालं. एवढंच पाहायचं की 28 दिवस म्हणजे महिना नव्हे. अशा प्लॅनची वर्षाला 13 रिचार्ज होतात. 30 दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला दूरसंचार नियामक ट्रायने 2022 मध्ये कंपन्यांना भाग पाडलं, पण पोस्टरवर तो सहसा कोपऱ्यातच असतो.

खरी फसगत जीबीच्या भावात आहे. समजा पोस्टरवर दोन प्लॅन आहेत, दोन्ही 28 दिवसांचे. पहिला 299 रुपयांचा, रोज दीड जीबी. दुसरा 349 चा, रोज 2 जीबी. दिवसाला पहिला 10 रुपये 68 पैसे पडतो, दुसरा 12 रुपये 46 पैसे. आता जीबीने भागा. पहिल्यात एकूण 42 जीबी, म्हणजे जीबीला 7 रुपये 12 पैसे. दुसऱ्यात 56 जीबी, म्हणजे 6 रुपये 23 पैसे. दुसरा स्वस्त झाला!

झाला नाही. हे 56 जीबी एका टाकीत साठलेले नसतात. रोजचा कोटा रोज संपवायचा, उरला तर रात्री बाराला गेला. (उरलेला डेटा पुढे नेऊ देणारे प्लॅन असतात, पण ते तसं ठळक लिहिलेले असतात.) काकूंचा वापर रोज 600 एमबी धरा: व्हॉट्सअॅप, थोडे रील, संध्याकाळी एखादं कीर्तन. महिनाभरात, म्हणजे 28 दिवसांत, 16.8 जीबी. दोन्ही प्लॅनमध्ये त्या तेवढाच डेटा वापरणार. मग खरा भाव पहिल्यात जीबीला 17 रुपये 80 पैसे आणि दुसऱ्यात 20 रुपये 77 पैसे. पोस्टरवरचा "स्वस्त" प्लॅन 50 रुपयांनी महागच राहिला. कोटा संपत नसेल तर जीबीचा भाव काढूच नये, दिवसाचा काढावा.

कोटा संपणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि तिथेही लोक महिन्याची सरासरी पाहून घसरतात. सरासरी सव्वा जीबी आहे म्हणून दीड जीबी पुरेल असं नाही. रविवारी मॅच लागली की दुपारीच कोटा संपतो आणि मंगळवारी अर्धा वाया जातो. मंगळवारचा रविवारी वापरता येत नाही. म्हणून सरासरी सोडा आणि कोटा संपल्याचे कंपनीचे मेसेज मोजा. एक जीबीचं टॉप-अप 19 रुपयांना मिळतं असं धरलं, तर महिन्यात दोनदा मारलं तरी 299 अधिक 38, म्हणजे 337 होतात. तिसऱ्यांदा मारलं की 356, मग 349 चा प्लॅनच बरा. इतकं साधं आहे. आणि कोटा संपल्यावर नेट कासवाच्या चालीने का होईना चालत राहतं, रात्रीपर्यंत मेसेजपुरतं ते पुरत असेल तर टॉप-अपही नको.

घरी वायफाय असेल तर त्याच पोस्टरवरचा 199 चा, 28 दिवसांना मिळून 2 जीबी देणारा प्लॅन बघा. जीबीला साडेनव्याण्णव रुपये पडतात म्हणून लोक हसतात, पण दिवसाला तो 7 रुपये 11 पैशांत जातो. बाहेर दूध-भाजीपुरता नकाशा आणि यूपीआय वापरणाऱ्याला तेवढं बास होतं.

इथेच फोटो दगा देतो. "2 GB" ठसठशीत असतं आणि "/दिवस" किंवा "एकूण" हे बारीक अक्षर ग्रुपवर फिरून धूसर होतं, नाहीतर फोटो काढणाऱ्याचा अंगठा त्यावर येतो. शेजारच्या ओळीशी ताडून बघा: रोज दीड जीबीला 299 लागतात, तर रोज 2 जीबी 199 मध्ये कोण देईल? म्हणजे ते एकूण आहे. फोटोतून मजकूर उचलणारं अॅप कधी कधी ₹ चिन्हालाच 7 समजून 299 चे 7299 करतं. ते निदान लगेच कळतं. 28 चे 26 झाले तर कळत नाही. किंमत आणि दिवस डोळ्यांनी वाचा.

शेवटचं, खास आपल्या सोलापूरकरांसाठी. विजयपूर, कलबुर्गीच्या पाहुण्यांनी पाठवलेल्या पोस्टरवर हिशेब मांडू नका. प्लॅन सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागाप्रमाणे बदलू शकतात, आणि ते कर्नाटक सर्कल, आपलं महाराष्ट्र-गोवा. पुण्याचा फोटो चालेल, मुंबईचा नाही, कारण मुंबई वेगळं सर्कल आहे. काही ऑफर तर नंबरागणिक बदलतात, त्यामुळे कंपनीच्या अॅपमध्ये स्वतःचा नंबर टाकून तोच प्लॅन दिसतो का ते पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या हातात पैसे देऊ नका.