बायनरी मिन हीप

बायनरी मिन हीप ही अग्रक्रम रांग (प्रायॉरिटी क्यू) चालवण्यासाठी वापरली जाणारी विदासंरचना आहे. अशा रांगेत नोंदी कोणत्याही क्रमाने येतात, पण बाहेर काढताना प्रत्येक वेळी सर्वांत लहान मूल्याची नोंदच हाती यावी लागते. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हीपसॉर्ट ही क्रमवारी लावण्याची पद्धत मांडताना ही रचना प्रथम प्रसिद्ध केली. कालांतराने क्रमवारीपेक्षा अग्रक्रम रांगेसाठीच तिचा वापर अधिक होऊ लागला.

हीप हा द्विशाखी वृक्ष असून त्याला दोन अटी लागू असतात. पहिली अट आकाराची आहे: शेवटची पातळी सोडून सर्व पातळ्या पूर्ण भरलेल्या असाव्यात आणि शेवटची पातळी डावीकडून सलग भरत गेलेली असावी. दुसरी अट क्रमाची आहे: कोणत्याही पालक नोडचे मूल्य त्याच्या अपत्यांच्या मूल्यापेक्षा मोठे नसावे. त्यामुळे सर्वांत लहान मूल्य नेहमी मुळाशी सापडते. भावंडांमध्ये मात्र कोणताही क्रम पाळलेला नसतो आणि सगळा अ‍ॅरे चढत्या क्रमाने लावलेलाही नसतो. ही सैल अटच हीपला स्वस्त करते, कारण एक नोंद आली किंवा गेली तर दुरुस्ती मूळ ते पान अशा एकाच वाटेवर करावी लागते.

आकाराच्या अटीमुळे वृक्षात मधे कोठेही रिकामी जागा राहत नाही, म्हणून तो पॉइंटरांशिवाय साध्या अ‍ॅरेत पातळीवार मांडता येतो. अनुक्रमांक शून्यापासून मोजल्यास `i` या स्थानावरील नोडची अपत्ये `2*i + 1` आणि `2*i + 2` या स्थानांवर असतात, तर त्याचा पालक `(i - 1) / 2` या भागाकाराच्या पूर्णांकी स्थानावर असतो. मोजणी १ पासून केल्यास सूत्रे आणखी सुटसुटीत होतात: अपत्ये `2*i` व `2*i + 1`, आणि पालक `i / 2`. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, परंतु एकाच प्रोग्रॅममध्ये त्यांची सरमिसळ झाली की हीप निमूटपणे बिघडतो.

भरणा व काढणी या दोन्ही क्रिया पायथनमध्ये पुढीलप्रमाणे लिहिता येतात.

```python
def insert(a, x):
    a.append(x)
    i = len(a) - 1
    while i > 0:
        p = (i - 1) // 2
        if a[p] <= a[i]:
            break
        a[p], a[i] = a[i], a[p]
        i = p

def extract(a):
    top = a[0]
    x = a.pop()
    if a:
        a[0] = x
        i, n = 0, len(a)
        while 2*i + 1 < n:
            c = 2*i + 1
            if c + 1 < n and a[c+1] < a[c]:
                c += 1
            if a[i] <= a[c]:
                break
            a[i], a[c] = a[c], a[i]
            i = c
    return top
```

उदाहरणादाखल एखाद्या प्रोग्रॅममधील टायमरांची रांग घेऊ. प्रत्येक संख्या म्हणजे तो टायमर किती मिलिसेकंदांनी वाजायचा आहे ती वेळ, आणि सध्याचा अ‍ॅरे असा आहे:

```
[12, 20, 15, 35, 28, 40, 18]
```

यात १४ ची भर घालायची आहे. आकाराची अट मोडू नये म्हणून नवे मूल्य प्रथम अ‍ॅरेच्या शेवटी, म्हणजे स्थान ७ वर ठेवले जाते. त्याचा पालक स्थान ३ वरील ३५ आहे. तो मोठा असल्याने अदलाबदल होते. आता १४ चा पालक स्थान १ वरील २० आहे, तिथेही अदलाबदल होते. त्यापुढे मुळाशी १२ आहे आणि तो १४ पेक्षा लहान असल्याने चढण थांबते. अ‍ॅरे असा होतो:

```
[12, 14, 15, 20, 28, 40, 18, 35]
```

काढणीत मुळाचे १२ परत द्यायचे असते, पण मुळाची जागा रिकामी ठेवता येत नाही. म्हणून शेवटचे ३५ उचलून मुळाशी ठेवले जाते आणि ते खाली उतरवले जाते. त्याची अपत्ये १४ व १५ आहेत. त्यांतील लहान, म्हणजे १४, वर येते. पुढच्या पातळीवर २० व २८ यांतील २० वर येते आणि ३५ स्थान ३ वर स्थिरावते. उरलेला अ‍ॅरे पुन्हा पूर्वीच्याच मांडणीत, मात्र १२ च्या जागी १४ घेऊन उभा राहतो.

उतरताना दोन्ही अपत्यांपैकी लहानाशीच अदलाबदल का करायची, हे याच उदाहरणात दिसते. समजा, कोणी उजव्या अपत्याकडे न पाहता फक्त डाव्याशी तुलना करणारा कोड लिहिला. वरील काढणीत दोन्ही वेळा डावे अपत्यच लहान असल्याने निकाल बरोबर येतो आणि चूक झाकली जाते. पुढच्या काढणीत १४ बाहेर येतो आणि शेवटचे १८ मुळाशी जाते; डावे अपत्य २० मोठे असल्याने चुकीचा कोड तेथेच थांबतो, जरी उजवीकडे १५ बसलेला असला तरी. त्यानंतर १८ चा टायमर १५ च्या आधी वाजतो. प्रोग्रॅम कोसळत नाही, कोणताही त्रुटीसंदेश येत नाही, फक्त क्रम चुकतो. म्हणून चाचणीत यादृच्छिक मूल्ये भरून ती सगळी काढावीत आणि काढलेला क्रम चढता आहे का हे पाहावे. शिवाय प्रत्येक क्रियेनंतर सर्व नोडांवर पालक-अपत्य अट तपासणारे छोटे फंक्शन जोडल्यास चूक नेमकी कोणत्या क्रियेत झाली तेही कळते.

भरण्यातील `i > 0` ही अटही वगळण्याजोगी नाही. पायथनमध्ये `(0 - 1) // 2` चे उत्तर `-1` येते आणि `a[-1]` म्हणजे अ‍ॅरेतील शेवटचा घटक. त्यामुळे ही अट नसल्यास मुळापर्यंत चढलेले सर्वांत लहान मूल्य थेट शेवटच्या जागी फेकले जाऊ शकते. सी भाषेत हाच भागाकार शून्याकडे छाटला जाऊन उत्तर ० येते, म्हणजे मूळ स्वतःचाच पालक ठरते. तेथे समान मूल्यांनाही अदलाबदल करणारी तुलना लिहिली असेल तर लूप कधीच संपत नाही.

वृक्षाची उंची नोंदींच्या संख्येच्या लॉगरिदमइतकीच वाढते. १० लाख नोंदींच्या हीपमध्ये मुळापासून सर्वांत खालच्या पानापर्यंत १९ पायऱ्या असतात, म्हणून भरण्यात फार तर १९ तुलना, तर काढणीत प्रत्येक पायरीवर दोन याप्रमाणे ३८ च्या आसपास तुलना लागतात. भरणे प्रत्यक्षात बहुधा लवकर थांबते, कारण निम्मे नोड पाने असतात आणि नव्या मूल्याला सहसा फार वर जावे लागत नाही. काढणीत उलट घडते: मुळाशी आणलेले मूल्य खालच्या पातळीवरूनच आलेले असल्याने ते बहुतेक वेळा पुन्हा तळाजवळ जाते. पायथनच्या `heapq` मॉड्यूलने याचाच फायदा घेतला आहे. तेथे उतरताना मुळाशी आणलेल्या मूल्याशी तुलनाच केली जात नाही. लहान अपत्ये वर सरकवत पानापर्यंत जाऊन मग ते मूल्य गरजेपुरते वर चढवले जाते.

हीपच्या काही मर्यादा वापरताना हमखास आडव्या येतात. समान मूल्याच्या नोंदी आल्या त्याच क्रमाने बाहेर पडतील याची हमी नसते. तशी गरज असल्यास मूल्याबरोबर वाढता अनुक्रमांक जोडून तुलना जोडीवर करावी लागते. मधल्या नोंदीचे मूल्य बदलणे त्याहून अवघड, कारण ती अ‍ॅरेत कोठे आहे हे हीपला ठाऊक नसते आणि शोधायची तर सगळा अ‍ॅरे चाळावा लागतो. यावर एक उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीचे स्थान वेगळ्या तक्त्यात ठेवून ते दर अदलाबदलीत सुधारणे. दुसरा अधिक सोपा उपाय डायक्स्ट्रांच्या लघुतम मार्गाच्या रीतीत सर्रास वापरतात: जुनी नोंद तशीच राहू देऊन नवी भरायची आणि जुनी पुढे बाहेर आली की टाकून द्यायची. त्याची किंमत म्हणजे हीपमधील नोंदी शिरोबिंदूंच्या संख्येऐवजी कडांच्या संख्येइतक्या वाढू शकतात.