दात काढण्याआधी ॲस्पिरिन बंद? या सल्ल्याची पार्श्वभूमी

मुंबईत दाताच्या दवाखान्यात पेशंटच्या फाइलवर आजही सर्रास एक ओळ दिसते : 'रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद, मग एक्स्ट्रॅक्शन.' हा सल्ला जुना आहे, एकेकाळी रास्तही वाटत होता. आता मात्र बहुतेक पेशंटच्या बाबतीत तो चुकीचा आहे, तरी हलायला तयार नाही.

ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आली ती ताप-अंगदुखीसाठी. हृदयविकारात रोजचा छोटा डोस रुळला तो १९८०च्या दशकात. ही गोळी रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कायमच्या निकामी करते. एका प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, म्हणून नव्या प्लेटलेट पुरेशा तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. पाच दिवसांचा हिशेब आला तो इथून. यावरून हेही कळतं की दात काढायच्या दिवशी फक्त सकाळची गोळी चुकवून काहीच साधत नाही.

वाद निर्माण झाला स्टेंटमुळे. २००३च्या आसपास औषध लावलेल्या स्टेंट आल्या. या स्टेंटवर आतलं अस्तर उशिरा धरतं, तोवर उघड्या धातूवर गुठळी बसू शकते. २००६मध्ये अशा उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून जगभर गदारोळ झाला. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मुदतीआधी बंद होणं हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. २००७ साली अमेरिकेतल्या हृदयरोग आणि दंतवैद्यक क्षेत्रातल्या संस्थांनी मिळून सांगितलं : टाळता येण्यासारखं ऑपरेशन पुढे ढकला, आणि दातासाठी या गोळ्या बंद करू नका. तोंडातलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. स्टेंट बंद पडली तर थेट हार्ट अटॅक येतो. हे पारडं कुठे झुकतं ते सांगायला नको.

लालबागचे चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ धरू. सात महिन्यांपूर्वी स्टेंट बसली आहे आणि आता खालची दाढ काढायची आहे. 'ॲस्पिरिन घेता का?' या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते रात्री 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल' घेतात. आपल्याकडे रोसुवास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. म्हणजे दंतवैद्यांना न कळता त्यांच्या पोटात रक्त पातळ करणारी दोन औषधं जात असतात. उलट, कुणी 'पातळची गोळी बंद करा' म्हटलं आणि त्यांनी ही कॅप्सूल सोडली, तर तिन्ही औषधं एका झटक्यात बंद.

केमिस्टला विचारायचं ते इथेच. काउंटरवर पट्ट्या काढून देणारा पोरगा नव्हे, तर दुकानातला नोंदणीकृत फार्मासिस्ट गाठायचा, गर्दी नसताना. सगळ्या पट्ट्या, जमलं तर चालू प्रिस्क्रिप्शनही, पुढे ठेवून म्हणायचं : 'दादा, अमुक तारखेला दाढ काढायची आहे. यातल्या कशात ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध आहे, तेवढं नावानिशी लिहून द्या.' गोळी थांबवायची की नाही हा निर्णय मात्र हृदयरोगतज्ज्ञांचा. तो कागद त्यांना दाखवायचा आणि त्यांचं उत्तर दंतवैद्यांपर्यंत पोचवायचं.

या गृहस्थांच्या बाबतीत उत्तर बहुधा असं येईल : कॅप्सूल चालू ठेवा, एका वेळी एकच दाढ काढा, टाका घाला. अपॉइंटमेंट सकाळची घ्यावी, म्हणजे दुपारी रक्त आलं तर दवाखाना उघडा सापडतो. दिवसभर थुंकी गुलाबी राहणं ठीक आहे. पण कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरूनही तोंड रक्ताने भरत असेल तर लगेच फोन करावा.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे आयएनआर ही रक्ततपासणी आदल्या दिवशी, फार तर तीन दिवस आधी करतात, आणि आकडा चारच्या खाली असेल तर सहसा गोळी न थांबवताच साधी दाढ काढता येते. दात काढल्यावर लिहून दिलेलं मेट्रोनिडाझोल मात्र याच गोळ्यांचा परिणाम वाढवतं. म्हणून नवी चिठ्ठी घेऊन पुन्हा त्याच फार्मासिस्टकडे जावं.

मोठ्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी काय थांबवायचं त्याची यादी गेल्या काही वर्षांत लांबली आहे. त्यातला एक घोळ डायबेटिसच्या डॅपाग्लिफ्लोझिनचा. पेटंट संपल्यावर ही गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. उपाशी पोटी ऑपरेशनला जाताना ती चालू असेल तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचू शकतं. २०२०पासून अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकातच ठरलेल्या ऑपरेशनआधी किमान तीन दिवस ती थांबवायला सांगितलं आहे. ग्लुकोमीटर साखर दाखवतो, आम्ल नाही. त्यामुळे मळमळ, पोटदुखी, धाप असं काही जाणवलं, तर आकडा दीडशे असला तरी कीटोनची तपासणी मागावी लागते. हे औषधही बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतं.