७.७ आणि ७.७१: पोस्टाच्या दोन योजना, एकच लाख, पाच वर्षं

मावशी निवृत्त झाली तेव्हा लक्ष्मी रोडवरच्या सिटी पोस्टात मी तिच्याबरोबर गेले होते. एक लाख रुपये पाच वर्षांसाठी ठेवायचे होते. खिडकीवर दोन पर्याय समोर आले: राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, म्हणजे एनएससी, दर ७.७ टक्के, आणि पाच वर्षांची मुदत ठेव, म्हणजे टीडी, दर ७.५ टक्के, पण व्याज तिमाही चक्रवाढीने. रांगेतच तिनं मोबाइलवर हिशोब केला आणि म्हणाली, "अगं, टीडीचं वर्षाला ७.७१ पडतंय. म्हणजे दोन्ही सारखंच की!"

तिचा आकडा बरोबर होता. ७.५ चे चार भाग केले की तिमाहीला १.८७५ टक्के. एक लाखावर पहिल्या तिमाहीचं व्याज १,८७५. दुसऱ्या तिमाहीत १,०१,८७५ वर मोजायचं, म्हणून १,९१०. असं चौथ्या तिमाहीअखेर ७,७१४ रुपये होतात. एनएससीचं पहिल्या वर्षाचं व्याज ७,७००. म्हणजे पहिल्या वर्षी टीडी १४ रुपयांनी पुढेच आहे.

फरक पडतो तो दुसऱ्या वर्षापासून. टीडीतली चक्रवाढ वर्षाच्या आतच चालते. वर्ष संपलं की ते ७,७१४ रुपये तुमच्या हाती देण्यासाठी बाजूला काढले जातात आणि पुढच्या वर्षाचं व्याज पुन्हा मूळ एक लाखावरच मोजलं जातं. एनएससीत मात्र व्याज बाहेर येतच नाही, ते मुदलात मिसळतं.

एनएससीचा हिशोब वर्षागणिक मांडून बघू. रुपया जवळच्या आकड्याला पूर्ण केला आहे.

पहिलं वर्ष: १,००,००० वर ७,७००, जमा १,०७,७००.
दुसरं: १,०७,७०० वर ८,२९३, जमा १,१५,९९३.
तिसरं: त्यावर ८,९३१, जमा १,२४,९२४.
चौथं: ९,६१९, जमा १,३४,५४३.
पाचवं: १०,३६०, जमा १,४४,९०३.

पाचव्या वर्षाचं व्याज पहिल्यापेक्षा २,६६० रुपयांनी जास्त आहे. दर बदलला नाही, फक्त ज्या रकमेवर तो लागतो ती वाढली. कॅल्क्युलेटरवर ताळा करायचा तर एक लाखाला १.०७७ ने पाच वेळा गुणायचं.

टीडीत पाचही वर्षं तेच ७,७१४. एकूण व्याज ३८,५६८. एनएससीचं ४४,९०३. तफावत ६,३३५ रुपयांची.

मावशीचा यावरचा प्रश्न फार नेमका होता. "मी व्याज काढणारच नाही. तिथंच राहू दे. मग वाढेल ना?" नाही वाढणार. टीडीचं देय झालेलं व्याज उचललं नाही, तर त्या व्याजावर पोस्ट पुढे काहीही देत नाही. हीच गोष्ट अनेकांना माहीत नसते आणि मला तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते. पाच वर्षांनी एकदम घेऊ म्हणून पैसे न काढणाऱ्या माणसाला वाटतं की आपली चक्रवाढ चालू आहे.

ते व्याज अर्ज करून पोस्टाच्या बचत खात्यात वळवलं, तर तिथे ४ टक्के मिळतात. पहिले ७,७१४ तिथे चार वर्षं राहतील, दुसरे तीन वर्षं, आणि शेवटचे मुळीच नाही. असं धरलं तर एकूण ४१,७८२ रुपयांच्या आसपास होतात. तरीही एनएससीपेक्षा तीन हजारांनी कमीच. दरवर्षीचं व्याज कुठे ७.७ टक्क्यांनी गुंतवता आलं, तर मात्र टीडी सुमारे ८० रुपयांनी पुढे जाईल. म्हणून या दोन योजनांत खरा फरक दराचा नाही, व्याज वर्षअखेरीला कुठे जातं याचा आहे. (कर इथे धरलेला नाही.)

आणखी एक आकडा कानावर येतो: "एनएससीत जवळजवळ ९ टक्के सुटतात." ४४,९०३ ला ५ ने भागलं की वर्षाला ८,९८१ येतात, त्यातून हे ८.९८ निघतं. भागाकार बरोबर आहे, पण तो दर नव्हे. खरंच ९ टक्के चक्रवाढ असती तर पाच वर्षांनी १,५३,८६२ हाती आले असते. ही सरासरी मुदत वाढवली की आपोआप फुगते, त्यामुळे दोन योजनांची तुलना करताना ती वापरू नये.

एनएससी आणि टीडीचे वरचे दर एप्रिल २०२३ पासून लागू झालेले आहेत. सरकार ते दर तिमाहीला पुन्हा ठरवतं, पण एकदा गुंतवलेल्या रकमेला मुदतीपर्यंत तोच दर राहतो.

मावशीनं शेवटी साठ हजार एनएससीत ठेवले आणि चाळीस हजारांची टीडी केली. टीडीचे वर्षाचे ३,०८५ रुपये तिला दरवर्षी हातात हवेच होते, आणि अर्ज भरून ते बचत खात्यात वळवण्याची सोय तिनं त्याच दिवशी करून घेतली.