७०व्या तुकड्याला अपलोड का अडकतं?

लग्नाचा २ जीबीचा व्हिडिओ साइटवर चढवायचाय. जुनी पद्धत म्हणजे फाइल आधी आपल्या सर्व्हरवर यायची आणि तिथून परत क्लाउडवर जायची, म्हणजे तेच ओझं दोनदा वाहायचं. आता सर्व्हर फक्त एक लिंक बनवून देतो आणि ब्राउझर फाइल थेट S3 मध्ये, म्हणजे Amazon च्या क्लाउड साठवणीत टाकतो. ही लिंक म्हणजे गेटपासच. कुठल्या बकेटमध्ये, म्हणजे S3 मधल्या कुठल्या कप्प्यात, कुठल्या नावाने, किती वेळात, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली सर्व्हरने आपल्या गुप्त कीने काढलेली सही. की बाहेर जात नाही, सहीच जाते. लिंकमधलं `X-Amz-Expires=900`, म्हणजे ९०० सेकंदांची मुदत, कुणी वाढवून ९००० केली की सही जुळत नाही आणि S3 सरळ 403 म्हणजे नकार देतो.

आमच्याकडे अपलोड नेहमी अर्ध्याच्या जरा पुढे जाऊन मरायचं, तेही फक्त मोठ्या फाइलचं, आणि ऑफिसच्या फास्ट नेटवर कधीच नाही. हिशोब मांडला तेव्हा कळलं. फाइलचे १६ एमबीचे तुकडे केलेले, म्हणजे साधारण १२८, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र लिंक. घरचं अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे एका तुकड्याला सुमारे १३ सेकंद आणि सगळ्याला २८ मिनिटं. आणि आम्ही १२८ लिंका सुरुवातीलाच बनवून ठेवलेल्या, प्रत्येकीची मुदत १५ मिनिटं! सत्तरेक तुकडे गेले की उरलेल्या लिंका वापरायच्या आधीच शिळ्या. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये 403 वर क्लिक केलं तर आत स्वच्छ लिहिलेलं होतं, `Request has expired`.

मुदत वाढवून ७ दिवस करता येते, तेवढीच कमाल आहे, पण मला ते पटत नाही, कारण लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती वापरू शकतो. त्यापेक्षा चार-पाच तुकड्यांच्याच लिंका मागायच्या, त्या संपल्या की पुढच्या. S3 मुदत बघतो ती रिक्वेस्ट सुरू होताना, त्यामुळे वेळेत सुरू झालेला तुकडा मध्येच तोडला जात नाही.

दुसरी अडचण अगदी शेवटी येते. प्रत्येक तुकडा पोचला की S3 त्याची पावती देतो, `ETag`, आणि सगळ्या पावत्या क्रमाने परत दिल्या तरच फाइल जोडली जाते. पण दुसऱ्या साइटवरच्या कोडला काय वाचता येईल ते ठरवणाऱ्या बकेटच्या कॉर्स सेटिंगमध्ये एवढी ओळ नसेल तर ब्राउझर ती पावती कोडला वाचूच देत नाही:

```
"ExposeHeaders": ["ETag"]
```

मग सगळे तुकडे 200 म्हणजे यशस्वी दिसतात, पावती मात्र `null` आणि फाइल काही तयार होत नाही.

अशा अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे बकेटच्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं लागत राहतं. म्हणून असे तुकडे ठरावीक दिवसांनी आपोआप पुसणारा `AbortIncompleteMultipartUpload` चा नियम बकेटवर लावायचा. आम्ही २ दिवस ठेवलेत.